उसनी तिथी

"मॅडम, जर्नलमधलं चौथं उदाहरण माझं नाही. दुसऱ्याच्या जर्नलवरून घेतलं आणि आकडे बदलले. आता हे नीट कसं करू?"

पहिल्या सत्राची जर्नलं माझ्याकडे जमा झाल्यानंतर, गुण भरायच्या आधी, एका विद्यार्थ्याने रात्री उशिरा हे फोनवर लिहून पाठवलं होतं. खाली माफीची एक ओळ होती. तिच्याकडे मी फारसं पाहिलं नाही, कारण माफीच्या ओळी शिक्षकाला पुष्कळ येतात. "नीट कसं करू" हा प्रश्न मात्र क्वचित येतो. लगेच बोटं चालवून "ठीक आहे, उद्या भेट" असं लिहिणं सोपं होतं. पण भेटला असता तर तो रडवेला झाला असता, मी समजूत घातली असती, आणि प्रश्न तसाच राहिला असता. म्हणून दोन दिवसांनी मी त्याला कागदावर उत्तर लिहून दिलं.

मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. थळ, नागाव, चौल, रेवदंडा या बाजूची मुलं एसटीने येतात. त्रिकोणमितीची फलनं शिकवताना झोके आणि स्प्रिंगा किती वेळा दाखवायच्या, म्हणून काही वर्षांपासून मी त्यांना भरती-ओहोटीचं उदाहरण देते. अलिबागचा कुलाबा किल्ला सगळ्यांच्या ओळखीचा. ओहोटीला चालत जाता येतं आणि वेळ चुकली की पाणी वाट अडवतं, हे तिथल्या पोरांना मी सांगायची गरज नसते. चौथं उदाहरण त्याच वाटेचं होतं.

उदाहरण असं. एका भरतीची वेळ आणि उंची, त्यानंतरच्या ओहोटीची वेळ आणि उंची, आणि पुढच्या भरतीची वेळ आणि उंची दिलेली आहे. वाट 1.6 मीटर पातळीला उघडी पडते असं मानायचं. तर वाट किती वाजता उघडेल आणि किती वाजता बंद होईल? आकडे आणि वाटेची पातळी मी सरावासाठी घडवलेली असतात. त्यांवर विसंबून कोणी खरोखर पाण्यात उतरू नये. भरतीचं कोष्टक एका ठरावीक जागेचं आणि शांत हवामानाचं असतं. वारा जोराचा असला की पाणी त्याला जुमानत नाही. खऱ्या वाटेसाठी तिथल्या माणसांना विचारावं.

दोन टोकांच्या मधली पातळी काढायला आम्ही कोसाइनचा वापर करतो. भरती H, ओहोटी L, दोघींमधलं अंतर T मिनिटं, आणि भरतीपासून t मिनिटांवर पाण्याची पातळी h असेल तर:

```
h = (H + L)/2 + (H - L)/2 × cos(180° × t/T)
```

भरतीच्या क्षणी पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, मग हळूहळू उतरू लागतं, मधल्या दोन तासांत झपाट्याने खाली जातं आणि शेवटी पुन्हा मंदावतं. हे सगळं या एका ओळीत येतं. ओहोटीनंतरच्या बाजूला हीच ओळ येणाऱ्या भरतीपासून उलटी मोजत वापरायची.

प्रत्येक रोल नंबरला मी वेगळी तारीख देते. जर्नल उतरवणं त्याने थांबत नाही, पण उतरवणाऱ्याला निदान आकडे तरी बदलावे लागतात. आणि आकडे बदलताना काय बदलायचं राहून गेलं, ते कागदावर दिसतं.

या मुलाच्या बाबतीत काय राहिलं होतं, ते मला त्याचा निरोप येण्याआधीच दिसलं होतं. त्याच्या पानाच्या कडेला मी पेन्सिलने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. उत्तराच्या शेवटी त्याने लिहिलं होतं: "पडताळा: द्वितीया, 2 × ¾ = दीड वाजता भरती." आता ही ओळ पुस्तकातली नाही आणि माझ्या वर्गातलीही नाही. ती कोळीवाड्यातली आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास ही तिची सोपी केलेली चाल. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. ज्याच्या घरात होडी आहे त्याला हे पाढ्यांसारखं पाठ असतं. वर्गात एक मुलगी आहे, तिचे आजोबा डोलीची मासेमारी करायचे. तिला द्वितीयेची तारीख मिळाली होती आणि भरती दुपारी 1:30 वाजता होती. तिने आजोबांच्या हिशोबाने आपलं गणित ताडून पाहिलं होतं. मला ते इतकं आवडलं की मी तिच्या पानावर शेरा लिहिला.

या मुलाची तारीख होती चतुर्थीची. त्याच्या पानावर भरती दुपारी 3:20 ला, आणि खाली पडताळा दीडचा. वर बरोबरची खूणही केलेली.

त्याला लिहिलेल्या पत्रात मी सुरुवातीलाच हे सांगून टाकलं, आणि त्यावर थोडा विचार केला होता. मला आधीच कळलं होतं हे लपवलं असतं, तर त्याच्या कबुलीचं मोल त्याला जास्त वाटलं असतं आणि मीही उदार दिसले असते. पण मग पत्राची सुरुवातच अर्धवट खऱ्याने झाली असती. म्हणून लिहिलं: "तुझ्या पानावर माझं प्रश्नचिन्ह आधीच होतं. पण मी बोलावण्याआधी तू आलास, आणि त्याचा फरक पडतो. जे मला दिसलं ते एका ओळीपुरतं होतं. तू सांगितलंस ते पूर्ण उदाहरणाबद्दल."

पुढचं पत्र मी इथे थोडं नीटनेटकं करून देते.

"पहिली गोष्ट, घाईने नवं पान लिहून आणू नकोस. तुझ्या डोक्यात आत्ता तेच येत असणार की तेच उत्तर आपल्या शब्दांत, आपल्या पद्धतीने मांडू, म्हणजे ते आपलं होईल. ते अजिबात करू नकोस. उसनं उत्तर आपल्या शब्दांत लिहिलं की ते उसनं आहे हे दिसेनासं होतं, एवढंच. मूळ पानावर निदान ती तिथी होती, जी बघून मला शंका आली. सफाईने लिहिलेल्या पानावर तीही राहिली नसती.

"तुझ्या उत्तरात तिथीपेक्षा मोठी एक गोष्ट आहे. ती तुला अजून दिसली नसेल, कारण ती बघायला उदाहरण सोडवावं लागतं. तुझे आकडे हे होते: पहाटे 2:50 ला भरती 3.9 मीटर, सकाळी 9:00 ला ओहोटी 1.1 मीटर, दुपारी 3:20 ला भरती 3.6 मीटर. वाट उघडण्याची वेळ तू 7:17 लिहिलीस. ती बरोबर आहे. सूत्रात आकडे घातले की ती आपोआप येते. मग तू लिहिलंस, ओहोटीच्या आधी 1 तास 43 मिनिटं, म्हणून ओहोटीनंतरही 1 तास 43 मिनिटं, वाट बंद 10:43 ला. हे 'म्हणून' कुठून आलं?

"ज्या पानावरून तू घेतलंस तिथे दोन्ही भरत्या 4.5 मीटरच्या होत्या आणि ओहोटी दोघींच्या बरोबर मध्ये होती. दोन्ही बाजू एकसारख्या असल्यावर एक बाजू काढून दुप्पट करणं हे आळसाचं नव्हे, शहाणपणाचं काम आहे. तिथे आधी दोन तास, नंतर दोन तास, एकूण चार. तिचं बरोबर. तुझ्या दोन भरत्या मात्र 30 सेंटिमीटरने वेगळ्या आहेत आणि अंतरही एकीकडे 370 मिनिटं, दुसरीकडे 380. तुझ्याकडे दुप्पट करायला काही कारणच नाही. तीच पायरी एका पानावर बरोबर आणि दुसऱ्या पानावर चूक, असं होऊ शकतं हे या उदाहरणातून तुला शिकायचं होतं. ते शिकणं तेवढं तू उतरवून घेऊ शकला नाहीस.

"खरी वेळ किती ते मी सांगणार नाही, तू काढ. फरक थोड्या मिनिटांचा येईल आणि तुझ्या बाबतीत तो सुरक्षित बाजूला येईल, म्हणजे तू सांगितलेल्या वेळेला वाट अजून उघडी असेल. पण त्यात तुझं कर्तृत्व नाही. हेच आकडे उलटे असते, आधीची भरती 3.6 ची आणि नंतरची 3.9 ची, तर तुझ्या दुप्पट करण्याने माणूस अजून वेळ आहे असं समजून पाण्यात राहिला असता.

"आता काय करायचं ते सांगते, आणि या क्रमानेच कर.

"आधी ज्या मुलीचं जर्नल घेतलंस तिला जाऊन सांग की तू मला सांगितलं आहेस. तिचं नाव तू मला कळवलं नाहीस आणि मी विचारणार नाही. पण तिची तिथी तुझ्या पानावर असल्यावर नाव लपून राहत नाही, हे तिला दुसऱ्याकडून कळायला नको.

"मग स्टाफरूममध्ये येऊन तुझं जर्नल घेऊन जा. चौथ्या उदाहरणाचं पान फाडू नकोस, व्हाइटनर लावू नकोस. त्यावर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मार, आजची तारीख घाल, सही कर आणि लिही: 'हे उत्तर माझं नाही, वर्गातल्या एका जर्नलवरून घेतलं आहे, म्हणून मागे घेत आहे.' एवढंच. कारणं लिहू नकोस. ताप होता, एसटी चुकली, घरी पाहुणे होते, हे सगळं खरं असेल, पण ते पानाला माहीत असण्याची गरज नाही.

"मग जर्नल बंद कर. एक रात्र जाऊ दे. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर फक्त सहा आकडे आणि सूत्र लिहून घे, आणि बस. अडलास तर कोणालाही विचार. मला, तिला, भावाला, कोणालाही. फक्त विचारलंस तिथे समासात लिही की इथे विचारलं आणि काय विचारलं. विचारणं आणि उतरवणं यांतला फरक तुला हवा असेल तर तो एवढाच आहे: विचारल्यावर पुढची ओळ तुलाच लिहावी लागते.

"उत्तर आलं की ते दुसऱ्या वाटेने ताड. तिथीने ताड, पण तुझ्या तिथीने. आणि बारा भागांचा नियम लावून बघ, जो मी वर्गात सांगितला होता आणि जो बहुतेकांनी लिहून घेतला नाही.

"गुणांचं. चौथ्या उदाहरणाचे 5 गुण आहेत. जुन्या उत्तराला शून्य. नव्या उत्तराला जे मिळतील ते मिळतील, उशिराचा एक गुण वजा करून. उशिरा देणाऱ्या सगळ्यांचा तेवढाच कापते, तुझा जास्त कापणार नाही आणि कमीही नाही. त्यानंतर दहा मिनिटं तोंडी विचारीन."

पत्र इथे संपलं. "शाब्बास" किंवा "प्रामाणिकपणा मोठा" असलं काही मी लिहिलं नाही. त्याला ते हवं होतं असं वाटत नाही, आणि असलं तरी ते द्यायची ती वेळ नव्हती.

पान फाडू नको या गोष्टीवर नंतर एका सहकाऱ्याने मला विचारलं. मुलगा सुधारतोय, तर मग डाग कशाला ठेवायचा? माझं म्हणणं वेगळं आहे. ज्याची नोंद होते त्या कामात जुनी नोंद नाहीशी करून नवी ठेवली तर पुढच्या वाचणाऱ्याला दोन्हींमधलं काही कळत नाही. याचं मोठं उदाहरण आमच्याच गावाजवळ आहे. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी त्या विजेने बिघडणार होती. म्हणून अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, 1904 साली. पण नवी सुरू झाली म्हणून जुनी त्याच दिवशी बंद केली नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे कसे जोडायचे ते कळावं. मुलांना मी तिथल्या सहलीत हे सांगते. एका विद्यार्थ्याच्या जर्नलशी त्याची तुलना करणं थोडं जास्तच होईल हे मला कळतं, पण सवय तीच आहे.

मुलाने सांगितल्या क्रमाने केलं. तिला आधी सांगितलं. ती म्हणे पहिल्यांदा चिडली, मग आपली तिथी तशीच उतरवली हे ऐकून हसायला लागली. पानावर रेघ आली, तारीख आली. वाक्य माझ्याच शब्दांत लिहिलं होतं, पण ते मीच लिहून दिलं होतं, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

नवं उत्तर त्याने तीन दिवसांनी आणलं, आणि सोबत कच्चं कामही. मी मागितलं नव्हतं. कच्च्या कामात एक मोठी चूक होती, आणि तीच मला सगळ्यांत जास्त वेळ बघावीशी वाटली. सुरुवातीला त्याने अशी मांडणी केली होती. भरती 3.9, ओहोटी 1.1, म्हणून मध्य 2.5 आणि मध्यापासून वर-खाली 1.4. पातळी 1.6 व्हायची तर कोसाइनची किंमत −0.9 भागिले 1.4, म्हणजे सुमारे −0.643. इथपर्यंत सगळं ठीक. मग त्याने कॅल्क्युलेटरवर उलटा कोसाइन काढला आणि 2.269 असं उत्तर आलं. ते 180 ने भागून 370 ने गुणलं. आले 4.7 मिनिटं. म्हणजे वाट पहाटे 2:55 ला उघडणार.

त्याखाली त्याने पेनाने लिहिलं होतं: "भरती होऊन पाच मिनिटांत वाट कशी उघडेल? पाणी तर अजून वरच आहे." आणि पुढच्या ओळीत: "कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे."

ही चूक वर्गातल्या निम्म्या मुलांची होते. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये असतो आणि सूत्र अंशांमध्ये. पण बहुतेक जण 4.7 मिनिटं लिहून पुढे जातात. उतरवलेल्या उत्तरात ही चूक सापडत नाही, कारण उतरवताना कॅल्क्युलेटर हातात घ्यावाच लागत नाही. हा मुलगा अडला, कारण आता त्याला पाणी दिसत होतं. अंशांत केल्यावर 130 आले. 370 चे 130/180, म्हणजे 267 मिनिटं, 4 तास 27 मिनिटं. पहाटे 2:50 मध्ये मिळवले की 7:17. जुन्या पानावर होतं तेच उत्तर, पण आता त्याच्याकडे ते कुठून आलं हे होतं.

मग दुसरी बाजू. ओहोटी 1.1, पुढची भरती 3.6, मध्य 2.35, वर-खाली 1.25. कोसाइन बरोबर −0.6. कोन सुमारे 126.9 अंश. 380 मिनिटांचा त्या प्रमाणातला भाग 268 मिनिटं, आणि तो दुपारच्या 3:20 पासून मागे मोजायचा. वाट बंद 10:52 ला. जुन्या पानावर 10:43 होतं. नऊ मिनिटं. एकूण वेळ 3 तास 35 मिनिटं. इथे समासात त्याने लिहिलं होतं: "उलटं का मोजायचं ते तिला विचारलं. ती म्हणाली, दोन्हीकडे भरती हीच सुरुवात धर." मला ते समासातलं वाक्य उत्तराइतकंच मोलाचं वाटलं. अशी नोंद केली म्हणजे मदत घेतली ती उघड होते आणि बाकीचं त्याचं आहे हेही उघड होतं.

शेवटी पडताळे. चतुर्थी, चारची पाऊणपट तीन. भरती पहाटे 2:50 आणि दुपारी 3:20. बसतं. बारा भागांचा नियम त्याने पहिल्या बाजूला लावला होता. हा नियम खलाशांचा: भरती ते ओहोटी या काळाचे सहा सारखे भाग केले तर पाणी पहिल्या भागात एकूण उताराचा बारावा हिस्सा उतरतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात एक. एकूण उतार 2.8 मीटर. चार भागांनंतर नऊ हिस्से उतरलेले, म्हणजे पाणी 1.8 वर. पाच भागांनंतर अकरा हिस्से, म्हणजे साधारण 1.33 वर. 1.6 त्या दोघांच्या मध्ये. त्याला 7:23 मिळालं, सूत्राने 7:17. सहा मिनिटांचा फरक त्याने लपवला नव्हता. "नियम ढोबळ आहे, म्हणून एवढा फरक चालेल असं वाटतं," असं लिहिलं होतं. वाटतं हा शब्द मी तसाच राहू दिला.

तोंडी परीक्षेत मी त्याला एकच प्रश्न विचारला. दोन भरत्यांची अदलाबदल केली, आधीची 3.6 आणि नंतरची 3.9, वेळेची अंतरंही उलटी, तर ओहोटीनंतर वाट जास्त वेळ उघडी राहील की कमी? आकडे काढायचे नाहीत. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कमी. पुढची भरती मोठी आहे आणि लवकर आहे, म्हणजे पाणी भरभर चढणार." मी विचारलं, दुप्पट केलं असतंस तर? "मग उशीर झाला असता." माझी दहा मिनिटं पुरी झाली नव्हती, पण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता त्या मुलीचं. एका सहकाऱ्याच्या मते दोघांनाही शून्य द्यायला हवं होतं. जर्नल देणाराही तेवढाच दोषी. मला ते पटत नाही. तिने आपलं काम पूर्ण केलं होतं, जमाही केलं होतं. बघायला मागितलं म्हणून फोटो पाठवला. आमच्याकडे जर्नल मागणं हा मैत्रीचा भाग आहे आणि नाही म्हणणाऱ्या मुलीला वर्षभर तिरके टोमणे ऐकावे लागतात. तिचे गुण मी कापले नाहीत. वर्गात मात्र, कोणाचंही नाव न घेता, सांगितलं की पुढच्या वेळी मागणाऱ्याला उत्तर देऊ नका, त्याच्या आकड्यांसह सोबत बसा. हे सांगायला सोपं आहे आणि फार पाळलं जाणार नाही, याची मला कल्पना आहे.

नियमांचं काय, असंही विचारलं गेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम 2018 साली आले. त्यांत साम्याच्या टक्केवारीनुसार पायऱ्या आहेत: 10 टक्क्यांपर्यंत काही नाही, मग 40, 60 आणि त्याहून वर अशी शिक्षा वाढत जाते, प्रबंधाची नोंदणी रद्द होण्यापर्यंत. पण ते प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. आणि तसंही या पानाला टक्केवारी लावून काय मिळालं असतं? आकडे सगळे वेगळे होते. साम्य शोधणाऱ्या कुठल्याही यंत्राने ते पान निर्दोष ठरवलं असतं. चूक होती ती एका "म्हणून" मध्ये आणि एका तिथीत. जर्नलच्या पातळीवर निर्णय शिक्षकाचाच असतो, आणि तो असावाही. मात्र म्हणूनच तो सगळ्यांना सारखा हवा. उशिराचा एक गुण मी सगळ्यांचा कापते, हे मला त्याला सांगता आलं नसतं तर हे सगळं माझ्या मर्जीवर आलं असतं.

त्याला नव्या उत्तराला पूर्ण 5 मिळाले, उशिराचा एक वजा जाऊन 4. जुन्या पानावर, तिथी मला दिसली नसती तर, कदाचित 4च मिळाले असते; वाट उघडण्याची वेळ बरोबर होती आणि घाईत मी दुसऱ्या बाजूकडे कितपत लक्ष दिलं असतं ते सांगता येत नाही. म्हणजे गुणांच्या हिशोबाने त्याचं काहीच वाढलं नाही. त्याने ते मोजलं की नाही, मी विचारलं नाही.

या वर्षीपासून जर्नलच्या प्रत्येक उदाहरणाखाली मी एक ओळ छापून घेतली आहे: "कोणाला विचारलं, काय विचारलं." रिकामी सोडली तरी चालते. आणि आकडे घडवताना आता दोन्ही भरत्या कोणाच्याही सारख्या ठेवत नाही.

विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. गुण विद्यापीठाकडे जाईपर्यंत जर्नल शिक्षकाच्या टेबलावर असतं, तोपर्यंत पान मागे घेणं ही दोन माणसांमधली गोष्ट आहे. गुण वर गेले की ते प्राचार्यांमार्फत अर्ज करून परीक्षा विभागाकडे न्यावं लागतं, आणि तिथे तुमच्या तिथीची चौकशी कोणी करत नाही. सांगायचं असेल तर त्याआधी सांगा.